पाण्याचा हिशोब : शरीरातले द्रव मोजण्याची विरलन पद्धत



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते शरीरक्रियाशास्त्र शिकवत. वर्गात कुणी आकडा सांगितला की त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असे : हा मोजला कसा? आज मी त्यांच्याच विषयातले तीन आकडे घेऊन त्या प्रश्नाचं उत्तर देणार आहे. पाठ्यपुस्तकात लिहिलेलं असतं की ७० किलो वजनाच्या निरोगी पुरुषाच्या शरीरात सुमारे ४२ लिटर पाणी असतं. त्यातला मोठा हिस्सा पेशींच्या आत आणि उरलेला पेशींबाहेर असतो. पेशींबाहेरच्या पाण्यापैकी तीनेक लिटर रक्तातला प्लाझ्मा असतो. हे सगळं जिवंत माणसात मोजलेलं आहे. त्याला धक्का न लावता, आत काय साठलंय ते कसं कळलं?

आपल्या गावाकडची विहीर डोळ्यांसमोर आणा. पावसाळ्यात विहिरीत टीसीएल पावडर टाकायची तर आधी पाणी किती आहे ते काढावं लागतं. गोल, बांधीव विहीर असेल तर काम सोपं असतं. व्यास ३ मीटर आणि पाण्याची खोली ४ मीटर असेल तर सुमारे २८,००० लिटर पाणी निघतं. पण विहीर वेडीवाकडी असेल, खाली कपारी असतील, तर फूटपट्टी निरुपयोगी ठरते. तिथे दुसरी युक्ती चालते. पाण्यातल्या मिठाचं प्रमाण आधी तपासा. समजा ते लिटरला ६० मिलिग्रॅम आहे. मग ५ किलो मीठ टाका, पाणी चांगलं घुसळा आणि पुन्हा तपासा. आता प्रमाण २३७ आलं, म्हणजे वाढ १७७ मिलिग्रॅमची झाली. ५ किलोला १७७ मिलिग्रॅमने भागलं की सुमारे २८,२०० लिटर येतात. कपारी किती आणि कशा आहेत हे कळलंच नाही, तरी पाणी मोजलं गेलं.

हेच काम मिठाऐवजी टीसीएलने करायला गेलात तर फसाल. क्लोरीन पाण्यातल्या गाळाशी आणि शेवाळाशी संयोग पावून नाहीसा होत जातो. तपासणीत तो कमी सापडतो, आणि विहीर आहे त्याहून मोठी वाटते. पुढचं सगळं व्याख्यान या एका धोक्याभोवती फिरणार आहे.

शरीरासाठी सूत्र असं मांडतात :

घनफळ = (दिलेली मात्रा − बाहेर गेलेली मात्रा) ÷ संहतीतली वाढ

आपण जो पदार्थ आत सोडतो त्याला निदर्शक म्हणतात. त्याच्याकडून तीन अपेक्षा असतात. ज्या कप्प्याचं माप घ्यायचं त्यात तो सगळीकडे सारखा पसरावा. त्या कप्प्याची हद्द त्याने ओलांडू नये. आणि मोजमाप चालू असताना तो नष्ट होऊ नये, झालाच तर किती झाला हे कळावं. या तिन्ही अपेक्षा पूर्ण करणारा पदार्थ शरीरात जवळपास मिळत नाही. म्हणून प्रत्येक निदर्शकाबरोबर त्याची दुरुस्ती करावी लागते, आणि खरं कौशल्य त्या दुरुस्तीत आहे.

सुरुवात प्लाझ्मापासून करू. १९१५ साली अमेरिकेत कीथ, राउनट्री आणि गेराटी यांनी ‘व्हायटल रेड’ नावाचा रंग शिरेतून देऊन प्लाझ्माचं घनफळ काढलं. पुढे १९३०च्या दशकात ग्रेगरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘इव्हान्स ब्लू’ हा निळा रंग रूढ केला. या रंगाचा गुण असा की रक्तात शिरताच तो अल्ब्युमिन या प्रथिनाला घट्ट चिकटतो. अल्ब्युमिनचा रेणू मोठा असल्यामुळे रक्तवाहिनीच्या भिंतीतून सहज बाहेर पडत नाही. त्यामुळे रंगही आतच राहतो. अलीकडे रंगाऐवजी किरणोत्सारी आयोडीन जोडलेलं अल्ब्युमिन वापरतात, पण हिशोब तोच आहे.

हिशोब प्रत्यक्ष करून पाहू. आकडे समजायला सोपे पडावेत म्हणून मी बेतलेले आहेत, पण ते वास्तवाला धरून आहेत. आपला माणूस ७० किलोचा, निरोगी आणि अर्धा तास शांत आडवा पडलेला आहे. आधी त्याच्या रक्ताचा कोरा नमुना घेतला. मग एका हाताच्या शिरेतून १५ मिलिग्रॅम रंग दिला. सिरिंजचं वजन रंग देण्याआधी आणि दिल्यानंतर केलं, म्हणजे नेमका किती रंग गेला ते कळतं. पुढचे नमुने दुसऱ्या हातातून घेतले. रंग ज्या शिरेतून गेला तिथलंच रक्त काढलं तर सुईच्या आसपास राहिलेला रंग नमुन्यात उतरतो.

प्लाझ्मात रंगाचं प्रमाण लिटरला असं सापडलं : १० मिनिटांनी ४.९५ मिलिग्रॅम, ३० मिनिटांनी ४.८५ आणि ६० मिनिटांनी ४.७१. प्रमाण उतरतंय, कारण अल्ब्युमिन रक्तवाहिन्यांतून थोडं थोडं झिरपतं. निरोगी माणसात हे झिरपणं तासाला ५ ते ६ टक्क्यांच्या आसपास असतं. मग यातला कोणता आकडा भागाकाराला घ्यायचा?

यातला कोणताच नाही. रंग दिला त्या क्षणी तो पूर्ण मिसळलेला असता आणि एक थेंबही झिरपलेला नसता, तर जो आकडा आला असता तो आपल्याला हवा आहे. तो प्रत्यक्ष मोजता येत नाही, पण काढता येतो. वेळ आडव्या अक्षावर आणि संहतीचा लॉगरिदम उभ्या अक्षावर मांडला की हे बिंदू एका सरळ रेषेत येतात. ती रेषा मागे शून्य मिनिटापर्यंत वाढवली की ५.०० मिलिग्रॅमवर पोचते. १५ ला ५ ने भागलं, प्लाझ्मा ३ लिटर.

मागे न जाता ६० मिनिटांचाच आकडा घेतला असता तर १५ भागिले ४.७१ म्हणजे ३.१८ लिटर आले असते. प्लाझ्मात नसलेले १८० मिलिलिटर कागदावर जन्माला आले असते. निरोगी माणसात ही चूक खपून जाईल. पण मोठ्या भाजलेल्या जखमा किंवा रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग असेल तर केशवाहिन्या गळू लागतात, आणि झिरपण्याचा वेग खूप वाढतो. अशा रुग्णात एकच नमुना घेतला तर ज्याचा प्लाझ्मा आटलाय त्याचाच भरपूर दिसू शकतो. म्हणून किमान तीन-चार नमुने हवेत. रेषेचा उतार नेहमीपेक्षा खडा दिसला, तर आकड्याआधी त्या उताराची दखल घ्यायची.

प्लाझ्मावरून एकूण रक्त काढताना आणखी एक खाच आहे. शिरेतल्या रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण ४० टक्के असेल तर प्लाझ्मा ६० टक्के झाला. ३ भागिले ०.६० म्हणजे रक्त ५ लिटर. पण बारीक वाहिन्यांतून वाहणाऱ्या रक्तात पेशींचं प्रमाण मोठ्या शिरेपेक्षा कमी असतं. सगळ्या शरीराची सरासरी घेतली तर ती शिरेतल्या प्रमाणाच्या सुमारे ०.९१ पट येते. म्हणजे ४० ऐवजी ३६.४ टक्के. या आकड्याने रक्त ४.७ लिटरच भरतं. हा फरक कसा कळला? तांबड्या पेशींना किरणोत्सारी खूण लावून त्या वेगळ्या मोजल्या गेल्या, तेव्हा दोन्ही हिशोब जुळेनात, आणि त्यातून हे ध्यानात आलं.

आता रक्तवाहिन्यांबाहेर पडू. पेशींबाहेरचा सगळा द्रव, म्हणजे प्लाझ्मा आणि पेशींच्या फटींतला द्रव मिळून, मोजायचा आहे. इथे निदर्शकाने केशवाहिनीची भिंत ओलांडायची, पण पेशीचं आवरण मात्र ओलांडायचं नाही. डेलियाच्या कंदात किंवा चिकोरीच्या मुळात मिळणारं इन्युलिन यासाठी फार जुनं आणि विश्वासू आहे. ते पेशीत शिरत नाही आणि शरीर त्याचं विघटन करत नाही. अडचण एवढीच की मूत्रपिंड ते भराभर बाहेर टाकतं. सुईने एकदाच दिलं तर ते पसरेपर्यंत बरंचसं निघून गेलेलं असतं.

यावरचा तोडगा मला या विषयातला सर्वांत हुशार वाटतो. इन्युलिन एकदम न देता काही तास संथपणे शिरेतून चालू ठेवतात. जेवढं आत जातं तेवढंच लघवीतून बाहेर पडू लागलं की रक्तातली पातळी स्थिर होते. तोवर ते फटींतही पसरलेलं असतं. मग धार बंद करायची. बंद करताक्षणी रक्ताचा नमुना घ्यायचा आणि नळीने मूत्राशय रिकामं करायचं. त्या क्षणी मूत्राशयात असलेली लघवी शरीराच्या हिशोबात धरायची नाही, कारण त्यातलं इन्युलिन आधीच बाहेर पडलेलं आहे. त्यानंतर मात्र इन्युलिन दिसेनासं होईपर्यंतची सगळी लघवी थेंबन् थेंब गोळा करायची. तिच्यात जेवढं इन्युलिन सापडेल तेवढं धार बंद झाली तेव्हा शरीरात होतं. म्हणजे किती दिलं आणि किती गेलं हे जुळवत बसायलाच नको. मागे किती उरलं होतं ते थेट हातात येतं.

आपल्या माणसात धार बंद केली तेव्हा प्लाझ्मात लिटरला २५० मिलिग्रॅम इन्युलिन होतं, आणि नंतरच्या लघवीत एकूण २,८५० मिलिग्रॅम सापडलं. भागाकार ११.४ लिटर.

आता त्याच माणसाला दुसऱ्या दिवशी दुसरा निदर्शक देऊ. ब्रोमाइड हा आयन शरीरात क्लोराइडसारखा वागतो, आणि क्लोराइड बहुतांशी पेशींबाहेर राहतं. ब्रोमाइड तोंडाने देता येतं आणि मूत्रपिंड ते फार सावकाश टाकतं, म्हणून काही तासांत त्याचा तोटा नगण्य असतो. २० मिलिमोल सोडियम ब्रोमाइड, म्हणजे साधारण २ ग्रॅम, पाजलं. चार तासांनी सीरममध्ये लिटरला १.०७ मिलिमोल वाढ दिसली. भागाकार १८.७ लिटर. हा आकडा तसाच घ्यायचा नाही, कारण ब्रोमाइड थोडं तांबड्या पेशींतही शिरतं. त्यासाठी ०.९० ने गुणतात. प्लाझ्मातली ऋणभारित प्रथिनं ब्रोमाइडला थोडं बाहेर लोटतात, म्हणून फटींतल्या द्रवात ते जरा जास्त असतं. त्यासाठी ०.९५ ने गुणतात. शिवाय सीरमचा काही भाग पाणी नसून प्रथिनं आणि मेद असतो, त्यासाठी ०.९४. तिन्हींचा गुणाकार सुमारे ०.८०. शेवटी उत्तर १५ लिटर येतं.

माणूस एकच आणि आठवडाही एकच, तरी इन्युलिन ११.४ म्हणतं आणि ब्रोमाइड १५. यातलं खोटं कोण? खरं तर कुणीच नाही. इन्युलिनचा रेणू मोठा असल्यामुळे कूर्चेत, हाडांत आणि घट्ट संयोजी ऊतींत तो नीट पोचत नाही. ब्रोमाइड तिथे पोचतं, पण पचनमार्गातल्या स्रावांतही जातं आणि काही पेशींतही डोकावतं. प्रत्येक निदर्शक आपापल्या मुलुखाचं माप देतो. म्हणून जाणकार लोक ‘पेशीबाह्य द्रव १५ लिटर’ असं न लिहिता ‘ब्रोमाइडने मोजलेला अवकाश १५ लिटर’ असं लिहितात. एकाच रुग्णात उपचारापूर्वी इन्युलिन आणि उपचारानंतर ब्रोमाइड वापरून कुणी तुलना केली, तर त्याला साडेतीन लिटर ‘सूज’ सापडेल, आणि ती रुग्णात नसून पद्धतीत असेल.

तिसरं माप एकूण पाण्याचं. पाण्याचा माग काढायचा तर पाण्यासारखंच वागणारं काहीतरी हवं, आणि ते म्हणजे जड पाणी. हॅरोल्ड युरी यांनी १९३१ साली हायड्रोजनचा जड प्रकार, ड्युटेरियम, शोधला. त्यानंतर तीन वर्षांतच जॉर्ज द हेवेशी आणि होफर यांनी माणसाला पातळ केलेलं जड पाणी पाजून ते शरीरातून कसं बाहेर पडतं ते तपासलं. शरीरातलं निम्मं पाणी बदलायला नऊएक दिवस लागतात असं त्यांना दिसलं. पुढे बोस्टनचे शल्यविशारद फ्रान्सिस मूर यांनी १९४६ पासून समस्थानिकं वापरून रुग्णांच्या शरीराची घडण मोजण्याचं काम उभं केलं. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या थळला जड पाणी टनांनी तयार होतं, अणुभट्ट्यांसाठी. इथे मात्र ३० ग्रॅम, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांहून थोडं कमी, पुरतं, आणि एवढ्या मात्रेने शरीराला अपाय होत नाही.

माणूस रात्रीपासून उपाशी. आधी लाळेचा नमुना घेतला. मग ३० ग्रॅम जड पाणी पाजलं, पेला साध्या पाण्याने विसळून तेही पाजलं. पुढचे चार तास खाणंपिणं बंद. तीन तासांनी आणि चार तासांनी पुन्हा लाळ घेतली.

ड्युटेरियम निसर्गातल्या सगळ्याच पाण्यात थोडं असतं, दर दहा लाख हायड्रोजन अणूंमागे साधारण १५०. आपल्या माणसाच्या लाळेत आधी १५० होते, तीन तासांनी आणि चार तासांनी ७६८. दोन्ही आकडे सारखे आले, म्हणजे मिसळण्याचं काम पुरं झालं. वाढ ६१८ ची. ३० ग्रॅम जड पाणी म्हणजे १.५ मोल. १.५ ला दहा लाखांतल्या ६१८ ने भागलं की २,४२७ मोल पाणी येतं, आणि एका मोलचं वजन १८ ग्रॅम, म्हणून ४३.७ किलो. यावर शेवटची दुरुस्ती. ड्युटेरियम फक्त पाण्यातच राहत नाही. प्रथिनांतले आणि इतर रेणूंतले काही सैल हायड्रोजन त्याच्याशी अदलाबदल करतात. त्यामुळे मुलूख खऱ्या पाण्यापेक्षा सुमारे ४ टक्के मोठा दिसतो. ४३.७ भागिले १.०४ म्हणजे ४२ किलो, वजनाच्या ६० टक्के. पाठ्यपुस्तकातला आकडा असा येतो.

आधीचा नमुना घ्यायला विसरलो असतो तर? ७६८ ने भागलं असतं आणि ४३.७ ऐवजी ३५.२ किलो आले असते. निसर्गाने आधीच दिलेलं ड्युटेरियम आपण दिल्यासारखं धरलं, म्हणून साडेआठ किलो पाणी हिशोबातून गायब झालं. पायांना सूज किंवा पोटात पाणी साठलेल्या माणसात मिसळायला अधिक वेळ लागतो. तिथे तीन आणि चार तासांचे आकडे जुळत नाहीत, आणि न जुळणं हाच इशारा असतो. अशा वेळी आणखी थांबून पुढचे नमुने घ्यायचे, सरासरी काढून मोकळं व्हायचं नाही.

आता कुठली चूक कुठल्या बाजूला नेते ते एकत्र पाहू. निदर्शक हरवला, शिरेबाहेर सांडला, झिरपला, लघवीतून गेला किंवा दुसऱ्या रेणूंना चिकटला, की संहती घटते आणि कप्पा फुगतो. निदर्शक नीट पसरला नाही आणि आपण दाट भागातून नमुना घेतला, किंवा आधीपासूनचं प्रमाण वजा केलं नाही, तर कप्पा आकसतो. उत्तर अपेक्षेबाहेर आलं तर कुठल्या बाजूला आलं ते बघून चूक शोधायची वाट बरीच अरुंद करता येते.

पेशींच्या आतलं पाणी मात्र कोणत्याही निदर्शकाने थेट मोजता येत नाही. तिथे फक्त जाणारा आणि बाहेर न राहणारा पदार्थच नाही. ते वजाबाकीनेच काढतात : ब्रोमाइड धरलं तर ४२ वजा १५, म्हणजे २७ लिटर. इन्युलिन धरलं तर ३०.६. त्याचप्रमाणे फटींतला द्रव १५ वजा ३, म्हणजे १२ लिटर. वजाबाकीत आकडे कमी होतात, चुका कमी होत नाहीत. एकूण पाण्यात २ टक्के चूक धरा, म्हणजे ०.८४ लिटर. ब्रोमाइडच्या मापात ४ टक्के, म्हणजे ०.६ लिटर. या दोन्ही मिळून २७ लिटरवर सुमारे १ लिटर इकडे-तिकडे. तेव्हा उन्हात काम करून आलेल्या माणसाने अर्धा लिटर पाणी गमावलंय का, हे विरलनाने कळणार नाही. साधा वजनकाटा तिथे जास्त नेमका आहे. विरलनाचं काम वेगळं आहे. वजनात पाण्याचा वाटा किती आणि तो कुठल्या कप्प्यात आहे, हे वजनकाटा सांगू शकत नाही.

शेवटी, या आकड्यांचा रोजच्या व्यवहारात सर्वाधिक उपयोग जिथे होतो तिथे येतो. निरोगी प्रौढाच्या चरबीविरहित शरीरात पाण्याचा वाटा सुमारे ७३ टक्के असतो, हे पेस आणि रॅथबन यांनी १९४५ साली मांडलं. आपल्या माणसाचं पाणी ४२ किलो, ०.७३ ने भागून चरबीविरहित भाग ५७.५ किलो, म्हणून चरबी १२.५ किलो. आता याच माणसाच्या पायांत ३ लिटर पाणी साठलं असं समजा. वजन ७३, पाणी ४५. तेच सूत्र लावलं तर चरबी ११.४ किलो येते. चरबी तसूभरही हललेली नाही, तरी एक किलोहून अधिक ‘घटली’. ७३ टक्क्यांचं गृहीत सुजलेल्या शरीरात मोडतं. नवजात बाळातही मोडतं, कारण तिथे पाण्याचा वाटा बराच जास्त असतो.

व्यायामशाळेत आणि डायलिसिस कक्षात आता अशी यंत्रं असतात, की त्यावर उभं राहिलं किंवा हातापायाला पट्ट्या लावल्या की मिनिटात पाण्याची टक्केवारी येते. ती यंत्रं पाणी मोजत नाहीत. ती शरीराचा विद्युत अडथळा मोजतात, आणि त्यावरून पाणी काढायची समीकरणं कुणीतरी कुठल्यातरी लोकसमूहाला जड पाणी पाजून बसवलेली असतात. तो समूह आपल्यासारख्या बांध्याचा, वयाचा आणि प्रकृतीचा नसेल तर आकडा दशांशापर्यंत छापलेला असूनही चुकलेला असू शकतो. तेव्हा समोर आकडा आला की तीन गोष्टी विचारा. निदर्शक कोणता होता? त्याला मिसळायला किती वेळ दिला? आणि कुठली दुरुस्ती केली? यंत्र असेल तर चौथी विचारा : समीकरण कुणावर बसवलं? ही उत्तरं ज्याच्यासोबत लिहिलेली नाहीत, तो आकडा निदानासाठी धरू नका.